दुपारची शिफ्ट संपताना: एसओसीची हँडओव्हर नोट कशी लिहावी

रात्री दहाला तुमच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसाला तुम्ही दिवसभरात बंद केलेल्या अलर्टशी काही देणंघेणं नसतं. उघडं काय आहे, कोणाच्या उत्तरावर अडलंय आणि आपल्याला पहिली हालचाल किती वाजता करायची आहे, एवढंच त्याला हवं असतं. नवीन आलेली मुलं नोट लिहितात ती मात्र डायरीसारखी: आल्याआल्या काय पाहिलं, मग काय आलं, मग काय बंद केलं. कामाची ओळ सातव्या-आठव्या ठिकाणी सापडते, आणि तोवर रात्रीच्या माणसाचा चहा संपून पहिला नवा अलर्ट आलेला असतो.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या बऱ्याच एसओसी, म्हणजे क्लायंटच्या सिस्टीमवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या सिक्युरिटी टीम, सहा-दोन-दहा अशा तीन शिफ्टमध्ये चालतात. या लेखात मी फक्त रात्री दहाचा हँडओव्हर घेतोय. सकाळी सहाला काही राहिलं तर दोन-तीन तासांत क्लायंटचं ऑफिस उघडतं आणि माणूस फोनवर मिळतो. रात्री दहाला जे अडकतं ते बारा तास अडकून राहू शकतं, आणि हल्लेखोरालाही हे ठाऊक असतं.

सोबतचं उदाहरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. क्लायंट चाकणचा सुटे भाग बनवणारा एक कारखाना, लेखा विभाग मात्र शहरातल्या ऑफिसात. तारीख धरू १६ जुलै २०२५, बुधवार. दुपारच्या शिफ्टला सायली, रात्रीला ओंकार, दोघंही एल-वन, म्हणजे अलर्ट सर्वात आधी हाताळणारे. प्रत्यक्षात नोट बहुधा इंग्रजीत लिहावी लागते, कारण ती दुसऱ्या शहरातला एल-टू, म्हणजे वरच्या पातळीवरचा विश्लेषकही वाचतो. आखणी तीच राहते.

सव्वानऊला सुरुवात करा, आणि आठवणीतून लिहू नका

कॅब सव्वादहाला सुटणार म्हणून पावणेदहाला घाईघाईने लिहायला बसलात, तर तुम्हाला आठवतंय तेच नोटमध्ये येतं. आणि आठवतं काय, तर ज्याने सर्वात जास्त डोकं खाल्लं ते. दुपारी तीनला एक मेल पाठवून सोडून दिलेलं तिकीट आठवत नाही.

म्हणून पाऊण तास आधी तिकीट सिस्टीममध्ये तीन याद्या काढा. पहिली, तुमच्या नावावरची सगळी उघडी तिकिटं. दुसरी, क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलेली तिकिटं, मग ती कोणाच्याही नावावर असोत. तिसरी यादी बहुतेक जण विसरतात: तुमच्या शिफ्टमध्ये तात्पुरतं काय काय बदललं. कुठला अलर्ट ठरावीक वेळेसाठी दाबून ठेवला, कुठलं मशीन नेटवर्कपासून तोडलं, कुठला पत्ता फायरवॉलवर अडवला. ही यादी तिकीट सिस्टीममध्ये आयती मिळत नाही, ती सगळीकडचे लॉग गोळा करणाऱ्या एसआयईएमच्या आणि प्रत्येक मशीनवर पहारा ठेवणाऱ्या ईडीआरच्या कन्सोलमध्ये जाऊन पाहावी लागते. सोबत लॉग पाठवणाऱ्या स्रोतांची स्थितीही पाहून घ्या. फायरवॉलचे लॉगच येत नसतील तर तिथून अलर्टही येणार नाहीत, आणि रात्रीच्या माणसाला वाटेल सगळं शांत आहे.

सायलीच्या हाती त्या संध्याकाळी चार गोष्टी लागल्या. लेखा विभागातल्या एका मेलबॉक्सवर संशयास्पद लॉगिन, सिव्हिरिटी, म्हणजे टूलने ठरवलेलं गांभीर्य, मीडियम. एका लॅपटॉपवर मालवेअर, सिव्हिरिटी हाय, पण ईडीआरने फाइल क्वारंटाइन केलेली आणि मशीन तोडलेलं. क्लायंटने ठरवून चालवलेल्या नेटवर्क स्कॅनसाठी दाबून ठेवलेला एक अलर्ट. आणि चाकणच्या प्लँटमधल्या फायरवॉलचे संध्याकाळी १८:२० पासून बंद पडलेले लॉग.

क्रम सिव्हिरिटीने लावू नका, पुढच्या वेळेने लावा

इथे माझं मत जरा आग्रही आहे, आणि काही टीम-लीडना ते पटत नाही. नोटमध्ये हाय वर, मीडियम खाली, असा क्रम लावायची सवय असते, कारण टूल तसंच दाखवतं. पण सिव्हिरिटी हे अलर्ट आला त्या क्षणाचं मोजमाप आहे. हँडओव्हरच्या वेळी प्रश्न वेगळा असतो: पुढचा हात कधी लागला पाहिजे?

लॅपटॉपचा हाय अलर्ट पाहा. फाइल क्वारंटाइन झाली, मशीन तोडलं, त्याच हॅशची फाइल बाकी कुठे नाही हे तपासलं. आता लॅपटॉप आयटीकडे जमा होईपर्यंत रात्रीच्या माणसाला काही करायचं नाही. मीडियम असलेल्या मेलबॉक्सच्या बाबतीत मात्र क्लायंटचा माणूस फोन उचलत नाहीये आणि सव्वादहाला त्याच्या वरच्याला फोन करायचाय. त्यामुळे सायलीचा क्रम असा लागला: मेलबॉक्स, पुढची वेळ २२:१५. दाबून ठेवलेला अलर्ट, २३:३० ला पुन्हा चालू करायचा. प्लँटचा फायरवॉल, ०१:०० ला पुन्हा पाहायचं. लॅपटॉप, रात्री काही नाही.

दर नोंदीच्या सुरुवातीलाच ही वेळ लिहा. ज्या नोंदीला पुढची वेळच नाही ती बंद करता येते का, हे आधी स्वतःला विचारा. 'लक्ष ठेवणे' एवढंच लिहिलेली नोंद तीन-तीन दिवस एका शिफ्टकडून दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवली जाते. काय दिसलं तर पुढे कळवायचं आणि किती वाजेपर्यंत काहीच दिसलं नाही तर बंद करायचं, हे लिहिता येत नसेल तर नेमकं कशावर लक्ष ठेवायचं हे तुम्हालाही माहीत नाही.

एक नोंद नीट कशी लिहायची

आता मेलबॉक्सची नोंद. पहिल्या खेपेला बहुतेक जण साधारण असं लिहितात:

> एपी युजरच्या मेलबॉक्सवर संशयास्पद लॉगिन. अकाउंट कॉम्प्रमाइझ झालंय. सेशन काढले, क्लायंटला कळवलं. बाकी काही सापडलं नाही. लक्ष ठेवावे.

वाचायला नीटनेटकं आहे, पण याच्या जोरावर ओंकारला काहीच करता येणार नाही. 'कॉम्प्रमाइझ झालंय' हे कोणी ठरवलं, कशावरून? सेशन काढले म्हणजे पासवर्ड बदलला का? 'कळवलं' म्हणजे मेल टाकला, की कोणी हो म्हणालं? 'काही सापडलं नाही' म्हणजे कुठे शोधलं, आणि किती वाजेपर्यंतचं?

नोंद लिहिताना चार गोष्टी वेगळ्या ठेवा: लॉगमध्ये दिसलेलं, त्यावरून आपण लावलेला अर्थ, केलेलं काम आणि न केलेलं काम. चौथी सर्वात महत्त्वाची, आणि ती लिहायचा संकोचही सर्वात जास्त, कारण आपण काम अर्धवट सोडलं असं वाटतं. पण रात्रीचं काम नेमकं तिथूनच सुरू होतं.

दिसलं काय? २०:३८ ला या युजरने आधी कधीही न वापरलेल्या पत्त्यावरून लॉगिन यशस्वी झालं, एमएफएसह, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणीही पार करून. २०:४४ ला त्याच पत्त्यावरून मेलबॉक्समध्ये एक नवा नियम तयार झाला: विषयात `invoice` किंवा `payment` असेल तर मेल वाचलेला दाखव आणि `RSS Feeds` फोल्डरमध्ये टाक. मेल चोरून व्यवहार वळवणाऱ्यांची ही जुनी पद्धत. ते फोल्डर कोणी उघडत नाही, त्यामुळे पुरवठादाराने 'बँक खातं खरंच बदललं का?' असं विचारलं तरी तो मेल युजरला दिसतच नाही.

अर्थ काय लावला? अकाउंट परक्याच्या हातात आहे असं एल-टूचं मत, २१:१० ला दिलेलं. युजरशी बोलणं झालेलं नाही, म्हणून याला अजून खात्री म्हणायचं नाही. हा फरक नोटमध्ये शब्दांत लिहा. नाहीतर ओंकार 'कॉम्प्रमाइझ झालंय' हे क्लायंटला ठामपणे सांगेल, आणि उद्या युजर म्हणाला की मी नवऱ्याच्या फोनवरून नवीन व्हीपीएन लावून पाहत होते, तर टीमचा शब्द हलका होईल. नियम पाहता तशी शक्यता कमी आहे, पण ते एल-टूला ठरवू द्या.

केलं काय? एल-टूने २१:१२ ला युजरची सगळी सेशन रद्द केली. एवढं वाचून नवीन माणूस निश्चिंत होतो, म्हणून इथे जरा थांबू. सेशन रद्द केल्यावर नवीन टोकन मिळत नाही, पण आधीच दिलेलं ॲक्सेस टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळालेला तात्पुरता पास, काही ॲपमध्ये लगेच मरतं, तर काहींमध्ये त्याची मुदत संपेपर्यंत चालतं. ती साधारण तास ते दीड तास असते. म्हणजे २२:४५ पर्यंत त्या माणसाचा हात मेलबॉक्समध्ये असू शकतो. आणि पासवर्ड बदललेला नाही. आमच्या उदाहरणातल्या करारात सेशन रद्द करण्याची परवानगी एसओसीला आहे, पण पासवर्ड बदलणं आणि अकाउंट बंद करणं क्लायंटच्या आयटीच्या हातात. पासवर्ड त्या माणसाकडे आहे, आणि त्याने एमएफएसाठी स्वतःचा फोन जोडून ठेवला असेल तर तो पुन्हा सरळ आत येईल.

न केलेलं काय? पासवर्ड बदललेला नाही, एमएफएला कोणती उपकरणं जोडली आहेत हे तपासलेलं नाही, तो नियम अजून जागेवरच आहे, आणि या युजरकडून बाहेर काय मेल गेले हे अर्धंच पाहिलंय.

'सापडलं नाही' कधीही एकटं लिहू नका

त्या 'अर्धंच' शब्दामागे एक कारण आहे, आणि ते समजलं की तुमच्या नोटचा दर्जा लगेच सुधारतो. मेलबॉक्सच्या ऑडिट नोंदी घडल्या त्या क्षणी एसआयईएममध्ये येत नाहीत. तासभर, कधी दीड तास उशीर सहज होतो. सायलीने २१:४० ला शोध चालवला आणि नवीन नियम सापडले नाहीत, याचा अर्थ साधारण २०:१० पर्यंतचं चित्र पूर्ण आहे, पुढचं अर्धवट असू शकतं. खुद्द २०:४४ ची नोंद वेळेत आली हे नशीबच म्हणायचं.

म्हणून प्रत्येक 'नाही'सोबत तीन गोष्टी हव्यात: कुठे शोधलं, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत शोधलं, आणि तो शोध किती वाजता चालवला. त्याहून बरं म्हणजे शोधच नोटमध्ये द्या:

```
OfficeActivity
| where TimeGenerated between
    (datetime(2025-07-16T15:00:00Z) .. datetime(2025-07-16T17:15:00Z))
| where UserId =~ "ap.desk@example.com"
| where Operation in ("New-InboxRule", "Set-InboxRule", "UpdateInboxRules")
```

यात `ago(2h)` मुद्दाम टाळलंय. सायलीने २१:४० ला `ago(2h)` चालवलं तर ते १९:४० पासून पाहतं. ओंकारने तीच ओळ सव्वाबाराला चालवली की ती २२:१५ पासून पाहील, आणि ज्या वेळेबद्दल शंका होती ती खिडकी दोघांच्याही हातून निसटेल. ओळ तीच, उत्तर वेगळं, आणि स्क्रीनवर चूक झाल्याची खूण काहीच नाही. म्हणून वेळा पूर्ण लिहायच्या.

खिडकीचं दुसरं टोक 17:15Z, म्हणजे आपले २२:४५. टोकन जगू शकतं तिथपर्यंत. ओंकारने हा शोध चालवायचा सव्वाबाराला, म्हणजे २२:४५ च्या नोंदींनाही दीड तास मिळालेला असेल. नोटमध्ये फक्त '००:१५ ला पुन्हा चालवा' लिहिलं आणि कारण लिहिलं नाही, तर रात्री कामाचा ढीग आला की ओंकार तो अकरालाच उरकून टाकेल.

वेळ आणि वार

एसआयईएमचा स्क्रीन बहुधा यूटीसी दाखवतो, तिकीट सिस्टीम आयएसटी, आणि क्लायंट मेलमध्ये नुसतं 'साडेआठ' लिहितो. टीमने एक पद्धत ठरवावी: नोटमध्ये आयएसटी, चोवीस तासांचं घड्याळ, आणि शोधात यूटीसी. फरक साडेपाच तासांचा. तो अर्धा तासच घात करतो, कारण घाईत माणूस पाच तास वजा करतो आणि खिडकी अर्ध्या तासाने सरकते.

दुसरा सापळा मध्यरात्रीचा. रात्री दहाला लिहिलेल्या नोटमधलं 'आज रात्री', 'उद्या सकाळी' हे शब्द ओंकार एक वाजता वाचतो, तेव्हा 'उद्या' कुठला? तारीख आणि वार लिहा: गुरुवार, १७ जुलै, ११:००.

वार का, तर आपल्याकडे त्याला अर्थ आहे. चाकण, भोसरी या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. लॅपटॉपवाला युजर प्लँटमधला. 'उद्या जमा करेन' असं तो फोनवर म्हणाला असेल, पण उद्या गुरुवार, प्लँट बंद. लॅपटॉप येणार शुक्रवारी, आणि तोपर्यंत कोणी 'युजर तक्रार करतोय' म्हणून मशीन पुन्हा नेटवर्कला जोडू नये, हे नोटमध्ये हवं. उलट लेखा विभाग शहरातल्या ऑफिसात, गुरुवारी चालू, आणि पुरवठादारांची पेमेंट त्याच दिवशी ११:०० ला निघतात. मेलबॉक्सचं काम सकाळपर्यंत का थांबू शकत नाही याचं कारण हेच. फायरवॉलचे लॉग बंद पडण्याचाही सुट्टीआधीच्या देखभालीशी संबंध असू शकतो. ओंकारला हे माहीत असेल तर तो आधी क्लायंटचं देखभालीचं कॅलेंडर पाहील. मात्र 'शटडाउन असेल' असं गृहीत धरून ती नोंद बंद करायची नाही.

अडकलेलं एस्कलेशन

एस्कलेशनच्या नोंदीत नवीन माणसं 'क्लायंटला कळवलं' एवढं लिहून मोकळी होतात. पण मेल पाठवणं आणि समोरच्याने जबाबदारी घेणं यांत रात्रभराचं अंतर असू शकतं. कोणाकडे, कोणत्या मार्गाने, किती वाजता, नेमकं काय मागितलं, काय उत्तर आलं, पुढचा प्रयत्न किती वाजता आणि त्यानेही न झाल्यास कोण, एवढं आलं की नोंद पूर्ण.

'काय मागितलं' यावर थोडा वेळ द्या. 'कृपया लक्ष घालावे' याला कोणी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. 'या अकाउंटचा पासवर्ड बदलायला आणि एमएफए उपकरणं काढायला तुमची मंजुरी हवी आहे, की तुम्हीच करताय?' याला उत्तर देता येतं, आणि रात्री झोपेतून उठलेल्या माणसालाही देता येतं.

सायलीने लिहिलेली नोंद अशी झाली:

> १. लेखा विभाग मेलबॉक्स. पुढची वेळ: बुधवार १६ जुलै, २२:१५. जबाबदार: ओंकार.
> दिसलं: २०:३८ यशस्वी लॉगिन, नवा पत्ता 203.0.113[.]45, एमएफए झालेलं. २०:४४ इनबॉक्स नियम तयार, `RSS Feeds` फोल्डरकडे. अलर्ट आम्ही २०:५६ ला उघडला.
> मत: अकाउंट परक्याच्या ताब्यात, एल-टू, २१:१०. युजरशी बोलणं झालेलं नाही, दोन फोन, उत्तर नाही.
> केलं: सेशन रद्द, २१:१२. नियमाचा स्क्रीनशॉट तिकिटात.
> राहिलं: पासवर्ड, एमएफए उपकरणं, नियम काढणं, हे तिन्ही क्लायंटच्या मंजुरीने. बाहेर गेलेले मेल २०:१० पर्यंतच खात्रीने पाहिलेत.
> एस्कलेशन: क्लायंट आयटी ऑन-कॉल, मेल २१:१८, फोन २१:१८ आणि २१:३५, उत्तर नाही. मागणी: पासवर्ड बदल आणि एमएफए उपकरणं काढण्याची मंजुरी. २२:१५ ला आयटी मॅनेजर, २२:४५ ला सुरक्षा प्रमुख, नंबर एस्कलेशन मॅट्रिक्समध्ये.
> ००:१५: तिकिटातला शोध पुन्हा चालवणे, बाहेर गेलेले मेलही २२:४५ पर्यंत पाहणे, कारण जुनं टोकन २२:४५ पर्यंत चालू शकतं आणि नोंदी उशिरा येतात. नवा नियम किंवा बाहेर गेलेला संशयास्पद मेल दिसला तर एल-टूला फोन, मेल नको.
> मुदत: सर्ट-इनचे सहा तास २०:५६ पासून धरल्यास ०२:५६ ला संपतात. निर्णय क्लायंटचा. हे अजून त्यांना तोंडी सांगता आलेलं नाही, २२:१५ च्या फोनमध्ये सांगणे.
> गुरुवार १७ जुलै, ११:००: पुरवठादारांची पेमेंट. त्याआधी लेखा प्रमुखाला माहिती असलीच पाहिजे.

शेवटून दुसऱ्या, मुदतीच्या ओळीबद्दल थोडं. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात, आणि आयटी यंत्रणेत अनधिकृत शिरकाव त्या प्रकारांत येतो. कळवायचं की नाही, आणि घड्याळ अलर्ट उघडला तेव्हा सुरू झालं की एल-टूने मत दिलं तेव्हा, हे एल-वनने ठरवायचं नसतं. ते क्लायंटचं आणि त्यांच्या कायदेशीर टीमचं काम. तुमचं काम दोन्ही वेळा अचूक नोंदवणं आणि लवकरची मुदत लिहिणं. हा आकडा नोटमध्ये नसेल तर रात्री तीनला ती वेळ निघून जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

बाकीच्या तीन नोंदी दोन-तीन ओळींत संपतात. दाबलेल्या अलर्टबद्दल: कोणता नियम, कोणत्या पत्त्यांसाठी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि २३:३० ला आपोआप सुरू होतो की हाताने सुरू करावा लागतो. ही शेवटची गोष्ट कन्सोलमध्ये पाहूनच लिहा.

काय लिहायचं नाही

पासवर्ड, तात्पुरते कोड, एपीआय की नोटमध्ये नकोत. त्या कुठे ठेवल्यात तेवढंच लिहा. संशयास्पद पत्ते वर दाखवले तसे कंसात ठिपका टाकून मोडून लिहा, म्हणजे चुकून कोणाची क्लिक पडणार नाही. युजरच्या मेलमधला मजकूर, पगाराचे आकडे, ग्राहकांची नावं नोटमध्ये चिकटवू नका, तिकिटाचा क्रमांक द्या. नोट मेलने अनेकांकडे जाते, तिकीट पाहायला निदान परवानगी लागते.

तोंडी हँडओव्हर

नोट वाचायला देऊन निघून जाणं पुरेसं नाही, आणि सगळी नोट मोठ्याने वाचून दाखवणंही नको. पहिल्या एक-दोन नोंदी बोला, बाकी ओंकारला वाचू द्या. मग त्यानेच तुम्हाला सांगायचं, की तो काय करणार आहे.

"म्हणजे सव्वादहाला आयटी मॅनेजरला फोन, आणि सव्वाबाराला शोध," ओंकार म्हणाला.

"फोनवर काय सांगशील?"

"पासवर्ड बदलायची मंजुरी द्या."

"आणि दोन छप्पन?"

"हां, ते राहिलं. कळवायचं की नाही ते तुमचं ठरवा, पण वेळ ही आहे, असं सांगतो. आणि तू नियम काढला नाहीस ना? मॅनेजरने विचारलं तर?"

"नाही, अजून आहे. स्क्रीनशॉट तिकिटात टाकलाय, ते म्हणाले की काढायचा."

हा परत सांगण्याचा भाग दोन मिनिटांत होतो, आणि काय निसटलं ते इथेच सापडतं. ओंकारच्या प्रश्नातून सायलीच्या नोटमधलंही काही निसटलेलं निघू शकतं. तसं निघालं तर तिथेच ते नोटमध्ये घाला, नुसतं तोंडी सोडू नका.

त्यानंतर तिकीट ओंकारच्या नावावर करा, आणि त्याने तिकिटात '२२:०४, घेतलं' असं लिहू द्या. हे होईपर्यंत तिकीट तुमचंच. कॅब उभी असली तरी.

कॅबमध्ये बसल्यावर एखादी गोष्ट आठवतेच. ती ओंकारच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो फोन बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या लॉकरमध्ये असतो, आणि असला तरी ती माहिती तिकिटात येत नाही. शिफ्टच्या डेस्कवर फोन करा, ओंकारला तिकिटात एक ओळ लिहायला सांगा, आणि त्या ओळीवर वेळ टाकून घ्या.